वाढलेले वजन आणि उतरलेले फॉस्फेट

रुग्णालयात एकाच रुग्णाविषयी चार-पाच शाखांचे लोक एकत्र बसतात, तेव्हा त्या बैठकीचे इतिवृत्त ठेवले जाते. कोण काय बोलले यापेक्षा कोणी काय करायचे आणि ते कोणत्या तारखेला पुन्हा पाहायचे, हेच त्यात महत्त्वाचे. अशा एका इतिवृत्ताची ओळख वाचकांना करून द्यावी, असे वाटते. त्यातील रुग्ण कल्पित आहे. तिच्यावर ओढवलेला प्रसंग मात्र नळीने अन्न देणाऱ्या विभागांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

बाई ४६ वर्षांच्या. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले संडास धुण्याचे अ‍ॅसिड त्यांच्या पोटात चुकून गेले आणि तीन महिन्यांत अन्ननलिका आतून आकसली. शेवटचे बारा दिवस चमचाभर चहाखेरीज काही उतरले नव्हते. उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन अवघे ३६ किलो. शल्यचिकित्सकांनी पोटाच्या भिंतीतून थेट लहान आतड्यात नळी बसविली आणि सोमवार, ता. ४ पासून रोज ११०० कॅलरींचे अन्न सुरू झाले.

गुरुवारी, ता. ७ रोजी वजन ३७.८ भरले. घरच्या मंडळींना आनंद झाला. “वहिनी भरू लागल्या,” असे दीर म्हणालेही. परिचारिकेच्या नोंदीत मात्र निराळेच होते : पायावर अंगठा दाबला की खळगा राहतो, नाडी ८४ वरून ११८ वर गेली आहे, बोलताना दम लागतो. त्याच सकाळी रक्तातील फॉस्फेट १.३ आले. सोमवारी ते ३.१ होते, निरोगी माणसात ते साधारण २.५ ते ४.५ असते. दुपारी बैठक बोलाविण्यात आली.

आहारतज्ज्ञ बाईंनी प्रथम हिशेब मांडला. तीन दिवसांत पोटात गेल्या ३३०० कॅलरी. किलोभर चरबी साठायलाच सुमारे ७००० लागतात. तेव्हा वाढलेले पावणेदोन किलो हे मांस नव्हे, पाणी आहे. उपाशी शरीर आपला फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियमचा साठा हळूहळू गमावते, तरी रक्ताची तपासणी बरी दिसते. मग एकाएकी पिष्टमय अन्न आले की इन्सुलिन वाढते. पेशी हे क्षार रक्तातून ओढून घेतात, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि हृदय व श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. १९४५ साली छळछावण्यांतून सुटलेले काही कैदी पोटभर अन्न मिळाल्यावरच दगावले, त्याचे एक कारण हेच मानले जाते.

शल्यचिकित्सकांचा आक्षेप होता, की अन्न तोडले तर जखम भरणार कशी? प्रश्न रास्त होता. त्यावर फिजिशियनांनी निर्णय दिला, की अन्न बंद करावयाचे नाही. ते किलोमागे १० कॅलरींवर, म्हणजे दिवसाला ३६० वर आणावयाचे. खरे तर आरंभच इतक्यावर व्हावयास हवा होता. इतिवृत्तात तसे स्पष्ट लिहिले आहे, आणि कोणाच्या नावे बोट दाखविलेले नाही, हे मला आवडले.

जबाबदाऱ्या अशा ठरल्या. शिरेतून संथपणे फॉस्फेट देणे, हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवणे आणि रोज सकाळी तिन्ही क्षार तपासणे फिजिशियनांकडे. थायमिनचे इंजेक्शन ताबडतोब. कारण पिष्टान्न जाळताना हे जीवनसत्त्व खर्ची पडते आणि ते संपले तर रुग्ण भ्रमिष्ट होतो, डोळ्यांची हालचाल बिघडते. औषधविभागाने प्रत्येक गोळीचे पातळ रूप शोधावयाचे, कारण कुटलेल्या गोळीने बारीक नळी तुंबते. परिचारिकेने प्रत्येक वेळी नळी ३० मिलिलिटर कोमट पाण्याने धुवावयाची आणि रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन घ्यावयाचे.

घरच्यांशी बोलणे आहारतज्ज्ञ बाईंकडे आले, आणि ते सर्वांत अवघड काम होते. दिरांनी घरून पेज आणून नळीतून दोनदा घातल्याचे तेव्हाच उघड झाले. जठरासारखी साठवण आतड्याला नसते. एकदम ओतले की कळा येतात, जुलाब होतात. म्हणून अन्न थेंबाथेंबाने, पंपावर. “मग आम्ही करायचं तरी काय?” या दिरांच्या प्रश्नावर बाईंनी त्यांना लघवीचे माप टिपून ठेवण्याचे काम दिले.

पुनर्विचाराच्या तारखा : शुक्रवार, ता. ८, सकाळचे रक्त. सोमवार, ता. ११, सलग दोन सकाळी फॉस्फेट २.५ च्या वर असेल तरच अन्न ५४० कॅलरींवर न्यावयाचे. सोमवार, ता. १८, पूर्ण बैठक. अन्ननलिका रुंद करण्याची चर्चा त्याआधी नाही.

ता. ११ च्या नोंदीत वजन ३६.१ आहे. दीर त्या दिवशी चिंतेत होते. परिचारिकेने त्यांना बाईंचे पाय दाखविले. अंगठ्याचा खळगा आता राहत नव्हता. फॉस्फेट दोन्ही सकाळी २.७ होते, आणि दुपारी पंप ५४० वर लावण्यात आला.