नको म्हणायच्या दोन रशियन तऱ्हा

रशियन क्रियापदे बहुधा जोडीने येतात. ‘उघडणे’साठी दोन: अत्क्रिवात् आणि अत्क्रीत्. पहिल्यात लक्ष चालू क्रियेवर असते, तिला अपूर्ण म्हणतात. दुसऱ्यात क्रिया होऊन काय झाले यावर, ती पूर्ण. भूतकाळ-भविष्यकाळात ही निवड शिकणाऱ्याला सांभाळता येते. खरी अडचण येते ती कुणाला काही करायला किंवा न करायला सांगताना.

‘खिडकी उघड’ म्हणायचे तर पूर्ण रूप: अत्क्रोय अक्नो. तेच नको म्हणायचे झाले की जोडीदार बदलतो: न्ये अत्क्रिवाय अक्नो. मनाई करताना क्रिया सुरूच व्हायला नको असते, शेवटाचा विचार कशाला? म्हणून अपूर्ण रूप.

मग नकारात पूर्ण रूप कधीच येत नाही का? येते, आणि तेव्हा अर्थच पालटतो. उंच खुर्चीत बसलेले मूल चमचा पुन्हापुन्हा खाली टाकत असेल, तर आई म्हणते, न्ये रन्याय, पाडू नकोस. तेच मूल भरलेला कप दोन्ही हातांत धरून चालले असेल, तर ती म्हणते, न्ये उरनी. कप पाडायची मुलाची इच्छा नाही, म्हणून मनाई करून उपयोग नाही. सावध करता येते. मराठी आई इथे ‘पडेल हं!’ म्हणते, म्हणजे भविष्यकाळाकडून काम करून घेते. रशियन आई आज्ञार्थच ठेवते आणि जोडीदार बदलते. आधी ‘स्मत्री’, म्हणजे ‘बघ हं’, जोडले की इशारा आणखी ठळक होतो.

पण ‘विसरणे कुणाच्या हातात नसते, मग ते नेहमी पूर्णच’ असा नियम पाठ करू नये. घरातून निघणाऱ्याला न्ये ज़बुद् ज़ोन्तिक, छत्री विसरू नकोस, असे सांगतात. ते पूर्ण आहे. मॉस्को मेट्रोतल्या घोषणेत मात्र प्रवाशांना सामान विसरू नका हे अपूर्ण रूपात, न्ये ज़बिवायते, सांगतात. ती सूचना सगळ्यांना आणि दर खेपेला आहे.

सौजन्याचे गणितही याच जोडीवर चालते. पाहुण्याला ‘बसा’ म्हणताना सादीतेस हे अपूर्ण रूप हवे. तो बसणार हे ठरलेलेच असते, यजमान फक्त सुरुवात करायला मोकळीक देतो. स्याद्ते हे पूर्ण रूप नवी कृती मागते, म्हणून ते डॉक्टरांच्या किंवा शिक्षकांच्या तोंडी शोभते. मात्र अपूर्ण रूप नेहमीच गोड नसते. समोरचा गप्प राहिला आणि गवरीते, ‘बोला’, असे म्हटले, तर तीच मोकळीक तगादा होते.

रशियन शिकत असाल, तर प्रत्येक क्रियापदाचे दोन्ही आज्ञार्थ एखाद्या प्रसंगासह वहीत लिहून ठेवा. नुसत्या अर्थाच्या यादीवरून योग्य रूप कोणते, हे कळणार नाही.