घसाऱ्याची नोंद : आधी बाजू, मग रक्कम

व्यापारी घरातील अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेच्या मुलाला घसाऱ्याची रक्कम काढणे सहसा जड जात नाही. दहा टक्के, सहा महिने, उरलेली किंमत हे हिशेब त्याच्या रक्तातच असतात. उत्तरपत्रिकेतील गुण जातात ते दुसऱ्याच ठिकाणी. रक्कम बरोबर येते. परंतु ती ज्या खात्याच्या नावे पडावयास हवी त्याला जमा होते आणि जमेची नावे पडते. ही चूक हुशार मुलांकडूनही होते, आणि तिची काही कारणे घरातच सापडतात.

पहिले कारण म्हणजे आजोबांची वही. देशी नाम्याच्या लाल वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहिण्याची रीत होती. पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकात याच्या नेमके उलट, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शुद्ध आहेत, कारण बाजू हा केवळ पानावरील संकेत आहे. मात्र ज्या मुलाने ‘डावे म्हणजे अमुक’ एवढेच पाठ केले असेल, त्याने कधी दुकानातील जुनी वही उघडली की त्याचा गोंधळ उडतो. दुसरे कारण बँकेचे पासबुक. आपण पैसे भरले की पासबुकात ते जमेला दिसतात, कारण ते पुस्तक बँकेचे आहे आणि तितकी रक्कम बँक आपल्याला देणे लागते. आपल्या स्वतःच्या कीर्दीत मात्र त्याच वेळी बँक खाते नावे पडते. ‘जमा म्हणजे आपल्याकडे आले’ हा बोलीभाषेतील अर्थ मनात धरून प्रश्न सोडविणारा विद्यार्थी येथेच घसरतो.

घसाऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ‘जे येते ते नावे, जे जाते ते जमा’ हा नियम रोकड, माल, यंत्र यांच्या खरेदी-विक्रीला सहज लागू पडतो, कारण तेथे काहीतरी प्रत्यक्ष हातात येते किंवा हातातून जाते. घसाऱ्यात काहीच येत नाही. कोणी पावती देत नाही, कोणाला धनादेश द्यावा लागत नाही. यंत्र जागच्या जागी उभे असते. वर्षभराच्या वापराने त्याच्या किमतीचा एक भाग झिजला, एवढेच घडलेले असते. म्हणून येथे दोन प्रश्न विचारून बाजू ठरविणे सोयीचे. या व्यवहाराने कोणता खर्च वाढला? घसारा, खर्च वाढला की खाते नावे. कोणती मालमत्ता घटली? यंत्र, मालमत्ता घटली की खाते जमा.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने 1 एप्रिल 2022 रोजी हळकुंडांना पॉलिश करण्याचे यंत्र 1,80,000 रुपयांना घेतले. ते आणण्याचे भाडे आणि बसविण्याची मजुरी मिळून 20,000 रुपये खर्च झाले. पेढीचे वर्ष 31 मार्चला संपते. घसारा स्थिर हप्त्याच्या पद्धतीने, म्हणजे मूळ किमतीवर, दरसाल 10 टक्के. 30 सप्टेंबर 2024 रोजी ते यंत्र 1,35,000 रुपयांना विकले आणि रक्कम बँकेत आली. प्रश्न रोजकीर्दीतील नोंदी विचारतो.

भाडे आणि मजुरी हा यंत्र चालू स्थितीत आणण्याचा खर्च आहे. तो यंत्र खात्यालाच नावे पडतो. म्हणून यंत्राची किंमत 2,00,000 आणि वर्षाचा घसारा 20,000 रुपये. 31 मार्च 2023 ची नोंद अशी :

घसारा खाते … नावे 20,000
  यंत्र खात्याला … 20,000

आता ही नोंद पक्की करण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे. यंत्र खात्याची शिल्लक नोंदीपूर्वी 2,00,000 नावे होती. नोंदीनंतर ती किती झाली? 1,80,000. जुने झालेले यंत्र कमी किमतीचे दिसते, तेव्हा बाजू बरोबर आहे. हीच नोंद उलट लिहिली असती तर शिल्लक 2,20,000 झाली असती. वर्षभर हळद घासून यंत्र वीस हजारांनी महाग झाले, असा तो हिशेब! आकडा पाहताच डोळ्यांत खुपावा इतका तो विचित्र आहे. परंतु विद्यार्थी नोंद लिहून पुढे जातो आणि शिल्लक पाहतच नाही.

येथे पालकांनाही एक गोष्ट ठाऊक असणे बरे. ‘तेरीज जुळली की हिशेब बरोबर’ अशी पेढीवरची समजूत या चुकीपुढे निरुपयोगी ठरते. उलट नोंदीतही वीस हजार नावे आणि वीस हजार जमा असतातच. तेरजेच्या दोन्ही बेरजा सारख्याच रकमेने वाढतात आणि ती निमूटपणे जुळते. ताळेबंदही जुळतो. समजा, घसाऱ्यापूर्वी पेढीचा नफा 3,00,000 रुपये होता. बरोबर नोंदीने तो 2,80,000 होईल. उलट नोंदीने घसारा खर्चाऐवजी उत्पन्नासारखा वागेल आणि नफा 3,20,000 दिसेल. फरक वीस हजारांचा नव्हे, चाळीस हजारांचा पडतो, आणि भागीदारीची पेढी असेल तर तो न कमावलेला नफा भागीदारांच्या खाती वाटलाही जातो. चूक दाखविणारी खूण तेरजेच्या बेरजेत नसते. ती तेरजेच्या रकान्यात असते : घसारा हे नाव जमेच्या रकान्यात दिसले की समजावे.

वर्षअखेरीची दुसरी नोंद विद्यार्थ्याला पुन्हा संभ्रमात टाकते. घसारा खाते नफातोटा खात्याला वर्ग करावयाचे असते :

नफातोटा खाते … नावे 20,000
  घसारा खात्याला … 20,000

मघाशी नावे पडलेला घसारा आता जमा कसा, असे वाटून अनेकजण पहिलीच नोंद खोडतात. वस्तुतः येथे घसाऱ्याचे खाते बंद होत आहे. पहिल्या नोंदीने त्यात 20,000 नावे आले, दुसरीने 20,000 जमा झाले आणि खाते शून्यावर आले. खर्चाचे खाते पुढील वर्षात शिल्लक ओढत नाही, म्हणून ते शून्य झाले की नाही हीच या नोंदीची पडताळणी. 31 मार्च 2024 ला याच दोन नोंदी पुन्हा होतात आणि यंत्राची शिल्लक 1,60,000 राहते.

आता विक्री. सर्वाधिक गुण येथेच हरवतात, कारण उतावळा विद्यार्थी थेट 1,60,000 आणि 1,35,000 यांची वजाबाकी करून 25,000 तोटा लिहून टाकतो. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर 2024 हे सहा महिने यंत्र चालले आहे. त्यांचा 10,000 रुपये घसारा विक्रीच्या दिवशी आधी लिहावा लागतो. नोंद पूर्वीसारखीच, घसारा नावे आणि यंत्र जमा. मग यंत्राची पुस्तकी किंमत 1,50,000 उरते आणि तोटा 15,000 येतो.

बँक खाते … नावे 1,35,000
नफातोटा खाते … नावे 15,000
  यंत्र खात्याला … 1,50,000

बँकेत पैसे आले म्हणून ती नावे, तोटा झाला म्हणून नफातोटा नावे, यंत्र गेले म्हणून ते जमा. दुकानदारीच्या सवयीने काही मुले येथे ‘विक्री खात्याला’ असे लिहितात. विक्री खाते हळदीसाठी आहे, हळद घासणाऱ्या यंत्रासाठी नाही. पडताळणी पुन्हा शिलकेचीच : यंत्र खात्यात वर्षारंभी 1,60,000 नावे होते, जमेला घसारा 10,000, बँक 1,35,000 आणि तोटा 15,000 मिळून 1,60,000. यंत्र पेढीवर राहिले नाही आणि त्याचे खातेही शून्य झाले. विद्यार्थ्याने तोटा चुकून यंत्र खात्याच्या नावे बाजूला मांडला असता, तर विकून टाकलेल्या यंत्राची 30,000 रुपये शिल्लक खात्यात लोंबकळत राहिली असती. यंत्र 1,50,000 पेक्षा अधिक किमतीला गेले असते तर मात्र फरक नफा ठरला असता, नफातोटा खाते जमेकडे गेले असते आणि बँकेच्या नावे पूर्ण रक्कम आली असती.

प्रश्नातील एक वाक्य मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. ‘पेढी संचित घसारा खाते ठेवते’ असे त्यात असेल तर वरील रीत बदलते. मग यंत्र खाते विक्रीपर्यंत 2,00,000 वरच उभे असते आणि दरवर्षी घसारा खाते नावे पडून संचित घसारा खात्याला जमा मिळते. नावात घसारा आहे म्हणून मुले हे खातेही नावे टाकतात. ते खर्चाचे खाते नाही. यंत्राच्या किमतीतून आजवर किती वजा झाले हे ते साठवून ठेवते, म्हणून त्याची शिल्लक जमा असते आणि खर्चाच्या खात्याप्रमाणे ती वर्षअखेरीस बंद होत नाही. विक्रीच्या दिवशी त्यात 20,000, 20,000 आणि 10,000 असे 50,000 जमा झालेले असतात. आता ती शिल्लक मोडावयाची आहे, म्हणून त्या दिवशी ते नावे पडते :

संचित घसारा खाते … नावे 50,000
बँक खाते … नावे 1,35,000
नफातोटा खाते … नावे 15,000
  यंत्र खात्याला … 2,00,000

तोटा पहिल्या रीतीइतकाच, 15,000 आला. तो वेगळा येत असेल तर कोठेतरी एक बाजू उलटली आहे किंवा सहा महिन्यांचा घसारा राहून गेला आहे.

घरात कर सल्लागाराकडून आलेली कागदपत्रे पाहणाऱ्या मुलाला आणखी एक शंका येते, आणि ती रास्त आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात सारख्या दराची मालमत्ता एका गटात धरतात, घटत्या शिलकेवर घसारा देतात, आणि त्या वर्षी विकत घेतलेली वस्तू 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर दर निम्मा होतो. विक्रीची रक्कमही सामान्यतः त्या गटातून वजा होते; एका यंत्राचा वेगळा नफा-तोटा सहसा काढीत नाहीत. परीक्षेतील प्रश्न महिन्यांनुसार आणि प्रत्येक यंत्रापुरता घसारा मागतो. तेथे विवरणपत्राची रीत वापरली तर आकडाच चुकेल. नावे-जमेच्या बाजू मात्र पुस्तकी नोंदीत त्याच राहतात, दर दहा टक्के असो वा पंधरा.