झेड-ओ चालतो का?

स्क्रॅबलच्या पटावर कधी कधी असं एखादं रिकामं घर सापडतं की त्याच्या उजवीकडे एक ‘ओ’ असतो आणि खालीही एक ‘ओ’ असतो. ते घर अक्षराची किंमत तिप्पट करणारं निघालं आणि हातात ‘झेड’ असला, तर एकच टाइल ठेवून 62 गुण मिळतात. ‘झेड’चे 10, तिप्पट केले की 30, ‘ओ’चा एक, म्हणजे आडव्या शब्दाचे 31. उभ्या शब्दाचेही तेवढेच. झेड-ओ हा शब्द मान्य असला की झालं. भारतातल्या स्पर्धांत चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत तो आहे. अमेरिकेच्या यादीत नाही. तिथे समोरच्याने चॅलेंज केलं की टाइल उचलायची, गुण शून्य, पाळीही गेली.

भिलाईत, टाउनशिपमधल्या एका सेक्टरात, माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका मोबाइलवर अमेरिकेतल्या नातवाशी हा खेळ खेळतात. “आजी, हा शब्दच नाहीये,” असं तो म्हणतो आणि आजी जाडजूड शब्दकोश उघडून बसतात. दोघंही बरोबर असतात, आणि भांडण मिटत नाही ते त्यामुळेच. शब्द भाषेत आहे की नाही हा त्यांचा वादच नाही. तो कुठल्या यादीत आहे, एवढाच प्रश्न आहे.

आता झेड-ओ म्हणजे काय ते पाहू. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं हिमालयातलं जनावर. लडाखमध्ये ते ओझं वाहतं, नांगर ओढतं. तिबेटी लिपीत त्याच्या नावात आधी ‘म’ लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. उरतो तो ‘द’ आणि ‘झ’ यांच्या मधला एक आवाज. इंग्रज प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी तो आपापल्या कानाने टिपला. कुणी डी-झेड-ओ लिहिलं, कुणी डी-एस-ओ, कुणी झेड-एच-ओ, कुणी डी-झेड-एच-ओ, आणि कुणी सरळ झेड-ओ. शब्द एक, रूपं पाच.

ही पाचही रूपं टिकली ती चेंबर्सच्या शब्दकोशामुळे. एडिंबराहून निघालेल्या या कोशाला जुने, बोलीतले, स्कॉटिश, वसाहतींतून आलेले शब्द गोळा करायची हौसच होती आणि एका शब्दाची जेवढी लेखनं सापडतील तेवढी तो नोंदवून ठेवायचा. 1980 साली ब्रिटनमधल्या स्क्रॅबलसाठी हाच कोश प्रमाण ठरला. 1988मध्ये त्यावरून स्वतंत्र यादी छापली गेली. कोशकाराने ‘असंही लिहितात’ म्हणून दिलेलं प्रत्येक रूप खेळात स्वतंत्र शब्द झालं आणि प्रत्येकाचं अनेकवचनही. कोशात पाच स्पेलिंगं म्हणजे वाचणाऱ्याची थोडी सोय. पटावर ती दहा वेगवेगळी हत्यारं होतात. पुढे चेंबर्सच्या जागी कॉलिन्स आलं, पण आधीचे शब्द फेकून दिले गेले नाहीत. झेड-ओ तसाच वाहत आला.

अमेरिकेची यादी दुसऱ्याच वाटेने घडली. 1978 साली मेरियम-वेबस्टरने पहिला अधिकृत स्क्रॅबल कोश काढला, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या पाच अमेरिकन कोशांवरून. यातल्या एकातही शब्द असला की पुरे. निकष सैलच होता, पण मुळात हे कोश आटोपशीर. लडाखी जनावराची पाच रूपं द्यायला त्यांच्यात जागा कुठली? गंमत म्हणजे ए-झेड-ओ, म्हणजे रंगरसायनातला ‘अ‍ॅझो’, आणि झेड-ओ-ए हे दोन्ही शब्द अमेरिकेत चालतात. पुढे ‘ए’ लावा किंवा मागे ‘ए’ लावा, शब्द मान्य. मधला झेड-ओ तेवढा अमान्य.

इथे बहुतेकांचा एक समज आड येतो: अमेरिकन यादी ब्रिटिश स्पेलिंग नाकारत असणार. तसं नाही. ‘यू’ असलेला ‘कलर’ तिथे बिनदिक्कत चालतो, आर-ई वर संपणारा ‘सेंटर’ आणि ‘थिएटर’ही चालतो, कारण अमेरिकन कोशांनी ही रूपं ‘ब्रिटिश लेखन’ अशी टीप देऊन का होईना, नोंदवली आहेत. नोंद आहे म्हणजे शब्द आहे. ‘आय-एस-ई’ वर संपणाऱ्या क्रियापदांचं तर फारच विचित्र होतं: ‘रियलाइज’ त्या लेखनासह चालतो, पण म्हणून तसलं प्रत्येक क्रियापद चालेलच असं नाही, कुठल्या रूपाला संपादकाने ओळ दिली, त्यावर सगळं. नियमावरून अंदाज बांधून खेळणारा इथेच फसतो. इथे नियम नाही, नोंद आहे.

आणि दोन याद्या का? कारण खेळाचे मालक दोन. अमेरिका आणि कॅनडात स्क्रॅबलचे हक्क हॅस्ब्रोकडे, बाकी जगात मॅटेलकडे. जागतिक स्पर्धा 1991 साली लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हा दोन्हीकडच्या याद्या एकत्र करून मोठी यादी वापरात आली. दोन्हींची आद्याक्षरं उलटसुलट करून खेळाडूंनी तिला ‘सोपॉड्स’ नाव दिलं. आजची कॉलिन्सची यादी तिचीच वारस आहे. 2019च्या कॉलिन्स यादीत 2 लाख 79 हजारांवर शब्द होते, तर अमेरिकेच्या 2018च्या यादीत 1 लाख 92 हजार. दोन अक्षरी शब्द एकीकडे 127, दुसरीकडे 107. खेळाडूला टोचतो तो हा वीसचा फरक. अडचणीच्या जागेत डाव वाचवतात ते दोन अक्षरी शब्दच.

तरीही मोठ्या यादीत लहान यादी अख्खी मावते असं समजू नये. दोन्ही याद्या वेगवेगळ्या वर्षी नव्या होतात, म्हणून अमेरिकेत आधी शिरलेला एखादा शब्द कॉलिन्समध्ये यायचा असतो. शब्द बाहेरही जातात. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती कोशातून शिव्या आणि अपमानकारक शब्द काढले, पण स्पर्धकांनी ते ठेवायचा आग्रह धरला. शेवटी 1998मध्ये स्पर्धेसाठी वेगळी यादी निघाली. एकाच देशात एकाच खेळाच्या दोन याद्या! वंश आणि समाज यांवरचे अपशब्द स्पर्धेच्या यादीतून गेले ते 2020 साली, आणि कॉलिन्सच्या यादीतूनही 2021मध्ये असेच शब्द वगळले. त्यामुळे यादीचं नाव विचारून भागत नाही, तिचं सालही विचारावं लागतं.

मोबाइलवर तिसराच प्रकार आहे. 2009 साली आलेल्या ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ने दोन्ही कंपन्यांच्या याद्यांना हात लावला नाही, ‘इनेबल’ नावाची कुणाच्याही मालकीची नसलेली यादी घेतली आणि तिच्यात आपल्या मनाची भर घातली. तिथे शब्द नाकारला गेला म्हणून स्क्रॅबलमध्ये तो नाही, असा निष्कर्ष काढायचा नसतो.

याद्यांच्या या सरहद्दीवर एकदा आपल्याकडचीच माणसं सापडली होती. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ काढला. 2007मध्ये तो फेसबुकवर गेला आणि लाखो लोक खेळू लागले. त्यात डाव मांडतानाच अमेरिकन यादी हवी की सोपॉड्स, हे निवडता यायचं. 2008च्या जुलैत हॅस्ब्रोने अमेरिकेत दावा ठोकला. इकडे मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. खेळ एक, वादी दोन, आणि वाटणी तीच: अमेरिका-कॅनडा एकाची, उरलेलं जग दुसऱ्याचं. दिल्लीच्या न्यायालयाने सप्टेंबरमध्ये निकाल दिला: तसा खेळ चालवायला हरकत नाही, पण ‘स्क्रॅबल’शी मिळतंजुळतं नाव वापरायचं नाही. भावांनी ‘लेक्स्युलस’ असं नाव घेतलं आणि खेळ चालू ठेवला.