गाणं थांबलं तरी सऽऽऽ

ब्लूटूथ हेडफोनवरचं गाणं थांबवलं की काही सेकंद बारीक ‘सऽऽऽ’ ऐकू येत राहतं. मग हलकीशी टिक् होते आणि ते एकदम नाहीसं होतं. अनेकजण दोष ब्लूटूथला देतात. पण हवेतून आवाज येतच नाही, येतात ते आकडे. सिग्नल कमजोर पडला तर गाणं तुटतं, अडखळतं. संथ, एकसारखी सरसर मात्र हेडफोनच्या आतच तयार होते.

आलेल्या आकड्यांपासून विजेच्या लहरी बनवणारी चिप आणि त्या लहरींना बळ देणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो. कोणत्याही सर्किटमध्ये इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे अखंड चुळबुळ चाललेली असते, त्यामुळे अगदी सूक्ष्म, बेशिस्त व्होल्टेज कायम असतं. समजा, एका इयरबडमध्ये १ व्होल्टला १२० डेसिबल आवाज निघतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट ३० मायक्रोव्होल्ट आहे. हिशेब केला तर कानाशी जवळपास ३० डेसिबल पोचतात. लोकलमध्ये ते जाणवणारही नाहीत, पण रात्रीच्या शांत खोलीत सहज कळतात. बऱ्याच हेडफोनांत व्हॉल्यूम अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, आकड्यांतच कमी होतो. म्हणून गाणं हळू केलं तरी सरसर तेवढीच राहते. गाणं थांबल्यावर थोड्या वेळाने चिप बॅटरी वाचवायला अ‍ॅम्प्लिफायर बंद करते, तीच ती टिक्. मोबाइलवर मेसेजची टुण्ण वाजली की तो पुन्हा जागा होतो आणि सरसर परतते.

सरसर थांबतच नसेल, तर संशय नॉइज कॅन्सलिंगवर घ्यावा. बाहेरचा गोंगाट ऐकून त्याच्या उलट लहर काढायला त्यात चिमुकले मायक्रोफोन असतात आणि त्यांचाही स्वतःचा गोंगाट असतो. ६५ डेसिबल सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तराच्या मायक्रोफोनमध्ये तो साधारण २९ डेसिबलच्या आवाजाइतका भरतो. त्याचा काही अंश थेट कानात येतो. बाहेरचं मुद्दाम ऐकवणाऱ्या ट्रान्स्परन्सी मोडमध्ये तो सहसा जास्तच जाणवतो, कारण तिथे उंच पट्टीचे आवाजही आत सोडावे लागतात.

ओळखायचं कसं? शांत खोलीत काही न वाजवता नॉइज कॅन्सलिंग बंद-चालू करून पाहावं. फरक पडला तर कारण मायक्रोफोन. थांबवल्यावर काही सेकंदांनी टिक् होऊन गेलं तर अ‍ॅम्प्लिफायर. थांबवल्याक्षणीच गेलं, तर सरसर रेकॉर्डिंगमधलीच, जुन्या टेपांवरून उतरवलेल्या गाण्यांत ती हमखास असते. या तिन्हींत हेडफोन बिघडलेला नसतो. मात्र एकाच कानात ठळक सरसर असेल किंवा शिट्टीसारखा सूर येत असेल, तर वॉरंटीत दाखवावा. नवा घेताना गजबजलेल्या दुकानातली चाचणी इथे उपयोगी पडत नाही. घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, रात्री ऐकून पाहावा.