पासपोर्ट कुठवर पोहोचला?

शेंगेन व्हिसासाठी मुंबईच्या अर्ज केंद्रात कागद दिले की हातात एक पावती येते. तिच्यावरचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. अर्जाचा माग त्यावरूनच लागतो.

केंद्र फक्त कागद घेतं, बोटांचे ठसे घेतं आणि पासपोर्ट दूतावासाकडे पाठवतं. निर्णय तिथला अधिकारी करतो. म्हणूनच 'अर्ज दूतावासात पोहोचला' हा एकच शेरा स्क्रीनवर कितीतरी दिवस तसाच दिसतो. मन धास्तावतं, पण त्यात काही बिघडलेलं नसतं. पुढचा शेरा बहुधा 'पासपोर्ट केंद्रात परत आला' एवढाच असतो. व्हिसा मिळाला की नाही, हे पाकीट उघडल्यावरच कळतं.

नियमाप्रमाणे ग्राह्य अर्जावर १५ दिवसांत निर्णय व्हायला हवा, आणि त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात. अधिक तपासणी लागली तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढते. समजा, ४ मे रोजी अर्ज दिला. मग १९ मेपर्यंत केंद्राला रोज फोन करून काहीच हाती लागत नाही. त्यानंतर मात्र संदर्भ क्रमांक आणि प्रवासाची तारीख लिहून एक ईमेल जरूर पाठवा. १८ जून उलटला तर थेट दूतावासाला विचारणं पूर्णपणे रास्त आहे.

मागितलेला बँकेचा कागद पाठवूनही पोच आली नाही, तर मात्र एवढं थांबू नका, लगेच विचारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. जूनच्या सहलीसाठी मेपर्यंत थांबू नये, असं मला कळकळीनं वाटतं.