उद्या कलाकंद किती करायचा?

मिठाईच्या दुकानात सगळ्यात अवघड निर्णय रात्री दुकान बंद करताना घ्यावा लागतो: उद्या किती माल करायचा? सुक्या मेव्याची बर्फी किंवा बेसनाचे लाडू आज उरले तर उद्या विकता येतात, म्हणून त्यांचा अंदाज थोडाफार चुकला तरी फारसं बिघडत नाही. कलाकंदाचं तसं नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून देशभर बंधनकारक झालं. त्या वेळी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मिठाया किती दिवस टिकतात याचं जे मार्गदर्शन दिलं, त्यात कलाकंद त्याच दिवशी संपवण्याच्या पदार्थांत आहे. शिवाय दूध आटवायचं, फाडायचं, दाणेदार झाल्यावर ट्रेमध्ये ओतून तासन्‌तास जमू द्यायचं, एवढं सगळं करावं लागतं. दुपारी गर्दी दिसली म्हणून लगेच आणखी एक ट्रे काढता येत नाही.

बहुतेक दुकानांत यावर दोन उपाय दिसतात. कुणी मागच्या काही दिवसांची सरासरी काढून तेवढा माल करतं, तर कुणी ‘गिऱ्हाईक परत जाता कामा नये’ म्हणून भरपूर करतं. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत, कारण दोन्हींत पैशांचा हिशेबच नाही.

हा हिशेब फक्त दोन आकड्यांवर उभा आहे. एक किलो कमी पडला तर किती रुपये बुडतात, आणि एक किलो उरला तर किती बुडतात? उदाहरणासाठी धरू, कलाकंद 600 रुपये किलोने विकला जातो आणि दूध, साखर, गॅस, खोका मिळून किलोला 360 रुपये लागतात. दुकानाचं भाडं आणि कारागिरांचा पगार यात धरायचा नाही. माल एक किलो जास्त केला म्हणून तो वाढत नाही. मग कमी पडलेल्या किलोमागे 240 रुपयांचा नफा हुकतो आणि उरलेल्या किलोमागे 360 रुपये जातात. आता 240 ला या दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे 600 ने भागा. उत्तर येतं 0.4, म्हणजे शंभरात चाळीस.

हा आकडा वापरायचा कसा? एकाच वाराच्या मागच्या वीस दिवसांची मागणी घ्या. वीस रविवारी ती किलोमध्ये अशी होती असं समजू, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून: 7, 8, 8, 9, 9, 10, 10, 11, 11, 12, 12, 12, 13, 13, 14, 14, 15, 16, 18, 20. विसाचे चाळीस टक्के म्हणजे आठ. रांगेतला आठवा आकडा 11 आहे, म्हणून रविवारी 11 किलो कलाकंद करायचा. सरासरी काढली तर ती 12 किलोच्या किंचित वर येते. फायद्याचा आकडा सरासरीच्या खाली आहे.

हे पटत नसेल तर बारावा किलो एकटा तपासून पाहा. वीसपैकी अकरा रविवारी मागणी 12 किंवा जास्त होती, म्हणजे तो अकरा वेळा विकला गेला असता आणि 2,640 रुपये मिळाले असते. उरलेल्या नऊ रविवारी तो वाया गेला असता, म्हणजे 3,240 रुपये गेले असते. अकरावा किलो मात्र तेरा रविवारी विकला जातो आणि सातच रविवारी उरतो, त्यामुळे तो फायद्यात राहतो. आणि दर रविवारी 15 किलो केले तर? 11 किलो करण्याच्या तुलनेत प्रत्येक रविवारी सरासरी 570 रुपये कमी हाती पडतात. गल्ला जास्त भरलेला दिसतो, म्हणून हा तोटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याच दुकानातल्या ढोकळ्याचं उत्तर उलट येईल. ढोकळा 280 रुपये किलो आणि सामान 100 रुपयांचं असेल तर 180 भागिले 280, म्हणजे साधारण 0.64. इथे वीस आकड्यांच्या रांगेतला तेरावा आकडा धरायचा. स्वस्त सामानाचा आणि चांगल्या नफ्याचा पदार्थ थोडा उरला तरी चालतो, महाग दुधाचा चालत नाही. सगळ्या ट्रेंना ‘दहा टक्के जास्त करा’ असा एकच नियम लावणं म्हणूनच चूक आहे.

हे गणित मुळात मिठाईसाठी जन्मलेलं नाही. बँकेने ठेवीदारांसाठी रोख किती हाताशी ठेवावी, या प्रश्नावर एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने 1888 मध्ये असाच विचार मांडला होता. पुढे सकाळी वर्तमानपत्रं विकत घेऊन दिवसभर विकणाऱ्याच्या नावाने ते अभ्यासक्रमांत आलं.

आता सगळ्यात मोठा धोका. वहीत लिहिलेली असते ती विक्री, मागणी नव्हे. संध्याकाळी सहाला ट्रे रिकामा झाला आणि वहीत ‘10 किलो’ लिहिलं गेलं, तर नंतर येऊन परत गेलेली माणसं त्या आकड्यात नाहीत. अशा आकड्यांवर हिशेब केला की उद्याचा माल कमी होतो, तो आणखी लवकर संपतो, वहीतला आकडा आणखी घसरतो, आणि काही महिन्यांत चांगला खपणारा पदार्थ ‘खपत नाही’ म्हणून बंद होतो.

यावर उपाय सोपा आहे. माल संपला त्या दिवशी संपण्याची वेळ लिहायची. माल पुरला त्या दिवसांवरून सहापर्यंत साधारण किती विक्री होते ते पाहायचं. ती सत्तर टक्के असेल तर सहापर्यंत 10 किलो संपलेल्या दिवसाची खरी मागणी 14 किलोच्या आसपास धरायची. वर दिलेल्या रांगेत असेच दुरुस्त केलेले आकडे हवेत.

दोन आकड्यांपैकी ‘कमी पडण्याची किंमत’ काउंटरवरच्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नये. कलाकंद नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक मलई बर्फी घेत असेल तर नुकसान 240 पेक्षा बरंच कमी आहे. ते इतर खरेदीही टाकून दुसऱ्या दुकानात जात असेल तर बरंच जास्त. उरलेल्या मालाचंही तसंच. रात्री आठनंतर तो किलोला 150 रुपयांना जात असेल तर तोटा 210 वर येतो, गुणोत्तर 0.53 होतं, आणि 12 किलो करणं परवडतं. पण सवलत रोजची झाली की गिऱ्हाईक आठची वाट पाहू लागतं. उरलेला कलाकंद दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळणं हा मात्र पर्यायच नाही. त्यात माणसाच्या पोटाशी खेळ आहे.

सणांना ही रांग लावू नये. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला, त्यामुळे गेल्या वर्षीची तीच तारीख काहीच सांगत नाही. आषाढी एकादशी, चतुर्थी, दिवाळी यांचे आकडे तिथीप्रमाणे वेगळ्या पानावर ठेवावेत आणि आगाऊ ऑर्डरींवर जास्त भर द्यावा.

दुधाचा भाव बदलला की हिशेबही नव्याने करावा लागतो. वरच्या उदाहरणात खर्च 360 वरून 400 झाला आणि विक्रीचा भाव तोच ठेवला, तर गुणोत्तर 0.33 वर येतं आणि रविवारचा कलाकंद 11 ऐवजी 10 किलो करावा लागतो.