एक तन्मणी, तीन किमती

दागिन्याच्या मूल्यांकन अहवालात विमा मूल्य, बाजारमूल्य किंवा लिलाव अंदाज यांपैकी कोणता तरी आकडा असतो. एकाच दागिन्याचे, एकाच दिवशी काढलेले हे तीन आकडे एकमेकांपासून निम्म्यानेही दूर असू शकतात आणि तरी तिन्ही बरोबर असतात. याचे कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. दागिना गेला तर तसा दुसरा घ्यायला किती लागतील, हे विमा मूल्य सांगते. आज खुल्या बाजारात तो विकला तर काय येईल, हे बाजारमूल्य सांगते. लिलावात बोली साधारण कुठून कुठपर्यंत जाईल, हे लिलाव अंदाजात असते.

उदाहरणादाखल आजीकडून आलेला एक तन्मणी घेऊ. मोत्यांचे तीन पदर, मधोमध पोलकी हिऱ्यांचे खोड. मूल्यांकनकाराच्या काट्यावर त्याचे एकूण वजन लगेच कळते, पण सोन्याचे नेमके वजन कळत नाही, कारण बंद कोंदणात हिऱ्यांमागे लाख भरलेली असते. खोड मोडल्याशिवाय ती वेगळी करता येत नाही, म्हणून अहवालात सोन्याचे वजन ‘अंदाजे’ असेच लिहावे लागते. खरा प्रश्न मोत्यांचा असतो. ते बसरा मोती, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती असतील, तर एक हिशेब. संवर्धित असतील, तर अगदी वेगळा. नुसत्या डोळ्यांनी, भिंगानेही, याची खात्री होत नाही. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी मोत्याच्या आतली रचना पाहावी लागते. नैसर्गिक मोत्याची किंमत वजनाच्या सरळ प्रमाणात चढत नाही. मोठ्या दाण्याला कितीतरी जास्त भाव येतो. मुंबईच्या मोतीबाजारात म्हणूनच ‘चव’ हे माप वापरत आले आहेत. त्यात वजनाचा वर्ग धरतात आणि दाण्यांच्या संख्येने भागतात. मोती कुठले हे न तपासता लिहिलेला अहवाल तिन्ही आकड्यांत सारखाच चुकतो.

समजा, तपासणीत मोती नैसर्गिक ठरले आणि विमा मूल्य 9 लाख, बाजारमूल्य साडेपाच लाख, लिलाव अंदाज 4 ते 6 लाख असे आकडे आले. हे आकडे फक्त हिशेब समजण्यापुरते आहेत.

9 लाखांमध्ये दुकानदाराचा नफा, घडणावळ आणि वस्तू व सेवा कर हे सगळे आहे, कारण चोरी झाल्यावर मालकाला दुकानातून विकत घेतानाच्या भावाने पैसे मोजावे लागतील. नव्या धाटणीच्या दागिन्याला हे सोपे जाते; तशीच वस्तू आज बनवून घेता येते. बसरा मोत्यांच्या बाबतीत तसे होत नाही. 1930 च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांमुळे आखातातला मोत्यांचा धंदा कोसळला आणि तसा माल आता जुन्या दागिन्यांतूनच मिळतो. म्हणून मूल्यांकनकार त्याच तोलाच्या जुन्या दागिन्याचा, असे दागिने विकणाऱ्या दुकानातला भाव धरतो. अशा वस्तूंसाठी ‘ठरलेल्या मूल्या’चा विमा घेणे शहाणपणाचे असते. भारतात 2021 पासून घराच्या प्रमाणित विम्यात, भारत गृह रक्षा पॉलिसीत, दागिने आणि चित्रांसाठी असे वेगळे संरक्षण घेता येते. त्यात कंपनी आणि विमाधारक आधीच एक रक्कम मान्य करतात आणि वस्तू पूर्ण गेल्यास तीच मिळते. असा करार नसेल, तर कंपनी नुकसानीच्या दिवशीची किंमत पाहते. मग मूल्य फुगवून लिहिल्याने जादा हप्ता भरावा लागतो, जादा भरपाई मात्र मिळत नाही.

बाजारमूल्य काढताना मूल्यांकनकार असे धरून चालतो, की घेणारा आणि विकणारा दोघेही राजी आहेत, दोघांना वस्तूची पुरेशी माहिती आहे आणि कोणालाही घाई किंवा अडचण नाही. करासाठी, वारसाहक्कासाठी आणि घरच्या वाटणीसाठी हाच आकडा कामाचा. नातेवाईक नसलेल्या कोणाकडून 50,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा दागिना भेट मिळाला, तर प्राप्तिकरासाठी खुल्या बाजारातली त्याची किंमतच विचारात घेतात. जुना, 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घरात असलेला दागिना विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते. म्हणजे एकाच तन्मण्याला आजचे एक आणि 2001 चे दुसरे, अशी दोन बाजारमूल्ये असू शकतात, आणि तारीख नसलेला बाजारमूल्याचा अहवाल निरुपयोगी ठरतो.

लिलाव अंदाज सगळ्यात जास्त फसवा वाटतो, कारण तो छापील कॅटलॉगमध्ये दिसतो आणि त्यामुळे पक्का भासतो. प्रत्यक्षात तो हातोडा पडेल त्या बोलीचा अंदाज असतो. घेणाऱ्याकडून वर घेतले जाणारे शुल्क, म्हणजे बायर्स प्रीमियम, त्यात नसते. खालचा आकडा थोडा कमीच ठेवतात, म्हणजे बोलीदार जमतात. मालकाने गुप्तपणे ठरवलेली राखीव किंमत सहसा या खालच्या आकड्याच्या वर नसते. तन्मण्यावर साडेचार लाखांवर हातोडा पडला आणि प्रीमियम 20 टक्के असला, तर घेणाऱ्याला 5 लाख 40 हजार आणि वर कर भरावा लागतो. मालकाकडून 10 टक्के कमिशन कापले, तर त्याच्या हातात 4 लाख 5 हजार येतात आणि त्यातूनही छायाचित्रण व विम्याचा खर्च जातो. एकाच विक्रीत तीन रकमा दिसतात.

वर्तमानपत्रात येणारे लिलावाचे निकाल बहुधा प्रीमियम धरून असतात, म्हणून ते अंदाजाशी ताडून पाहताना जपावे लागते. डिसेंबर 2013 मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे चित्र 23 कोटी 70 लाखांना गेले. अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा होता. जाहीर झालेला आकडा प्रीमियमसह होता, पण ती रक्कम वजा करूनही अंदाज फारच मागे राहतो. त्या दिवशी त्या चित्रासाठी इरेला पेटलेले किमान दोन बोलीदार होते. ते असतील की नाही हे कोणताही अहवाल आधी सांगू शकत नाही.

तन्मण्याला आणखी एक बंधन आहे. 100 वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती खासगी मालकाला देशाबाहेर विकायला नेता येत नाही. म्हणून जिनिव्हा किंवा लंडनच्या लिलावातले मोत्यांचे भाव तुलनेला घेऊन काढलेले बाजारमूल्य भारतातल्या मालकासाठी फुगलेलेच असते.

सगळ्यात जास्त भांडणे वाटणीत होतात. बहिणीने तन्मणी घ्यायचा आणि भावाने तेवढी रोख रक्कम, असे ठरले आणि विम्याचा 9 लाखांचा अहवाल समोर ठेवला, तर बहिणीच्या पदरी साडेपाच लाखांची वस्तू पडते आणि भावाच्या हाती 9 लाख येतात. याउलट विमा लिलावाच्या 4 लाखांच्या आकड्यावर काढला, तर चोरीनंतर तसा तन्मणी निम्म्या पैशांतही मिळत नाही. दोन्ही ठिकाणी आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या कामासाठी काढलेला असतो.

म्हणून अहवाल हातात आल्यावर रकमेच्या आधी मूल्याचा प्रकार, उद्देश आणि तारीख वाचावी. त्यानंतर भाव कोणत्या बाजारातला आहे, मोती तपासले की नाही, सोन्याचे वजन निव्वळ की अंदाजे, कर धरला आहे का, हे पाहावे. नुसते ‘मूल्य रु. 9,00,000’ एवढेच लिहिले असेल, तर मूल्यांकनकाराकडून ते कोणते मूल्य आहे हे लेखी मागून घ्यावे. सोन्याचा भाव बराच हलला, की विम्याचा आकडा पुन्हा काढून घ्यावा लागतो.